हजेरी ॲपचा प्रोजेक्ट प्रस्ताव: गाईडना पत्र कसं लिहावं आणि तांत्रिक आराखड्यात काय घालावं

हजेरीचं ॲप हा अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचा घासून गुळगुळीत झालेला विषय आहे. तुमच्या गाईडनी तो आधीच्या बॅचकडून पाहिलेला असण्याची शक्यता दाट. त्यामुळे पत्र हातात पडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘प्रॉक्सी कशी अडवणार?’ आणि दुसरा, ‘यात नवीन काय?’ या दोन्हींची उत्तरं पत्रातच सापडली, तर बाकीचं बोलणं तासाऐवजी दहा मिनिटांत उरकतं.

इथे उदाहरण म्हणून एकच प्रकल्प घेऊ. संगणक अभियांत्रिकीचा एक वर्ग, 66 विद्यार्थी, प्रॅक्टिकलला 22-22 च्या तीन बॅचेस, आणि चार जणांचा ग्रुप. शिक्षक फळ्याशेजारी प्रोजेक्टरवर क्यूआर कोड दाखवतात, विद्यार्थी आपापल्या मोबाईलवरून तो स्कॅन करतात. कोड दर 10 सेकंदांनी बदलतो. बीसीए, बीएस्सी किंवा डिप्लोमाचे विद्यार्थी आकडे बदलून हाच सांगाडा वापरू शकतात.

लिहिण्याआधीचे दोन दिवस

पत्राला बसण्याआधी थोडी मोजणी करा. एक, सध्या हजेरीला किती वेळ जातो ते पाच लेक्चर्सना स्टॉपवॉच लावून बघा. एका नावाला तीन सेकंद धरले, तर 66 नावांना 198 सेकंद होतात, म्हणजे सव्वातीन मिनिटं. पण हा अंदाज झाला, पत्रात तुमचा मोजलेला आकडा हवा. ‘खूप वेळ वाया जातो’ या वाक्याला गाईडकडे काही किंमत नसते.

दोन, वर्गात कोणाकडे कोणता फोन आहे ते विचारून घ्या. अँड्रॉइड किती, त्यातले अँड्रॉइड 8 च्या खालचे किती, आयफोन किती, आणि स्मार्टफोन नसलेले किती. ही यादी बहुतेक ग्रुप करत नाहीत आणि मग चाचणीच्या दिवशी कळतं की मागच्या बाकावरच्या चार आयफोनवाल्यांकडे एपीके चालतच नाही. त्यांची हजेरी शिक्षकांनी हाताने टिक करून लावायची, ही सोय पहिल्या दिवसापासून आराखड्यात असली पाहिजे.

तीन, क्लास टीचरकडून मस्टरचं एक पान आणि महिनाअखेरीला निघणाऱ्या डिफॉल्टर लिस्टचा नमुना मागून घ्या. तुमच्या ॲपमधून शेवटी हाच कागद निघायचा आहे. त्यात कोणते रकाने आहेत हे न बघता डेटाबेस आखला, तर दुसऱ्या रिव्ह्यूला तो मोडावा लागतो.

प्रॉक्सीचं उत्तर आधी ठरवा

नवख्या ग्रुपला पहिल्यांदा सुचतं ते जीपीएस. वर्गापासून 50 मीटरच्या आत असेल तरच हजेरी लागेल, असा विचार. उघड्या मैदानात फोन पाचेक मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो, पण काँक्रीटच्या इमारतीत ही चूक कितीतरी वाढते, आणि मजल्यातला फरक तर त्याला नीट कळतच नाही. दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग आणि खालचं कँटीन त्याच्या लेखी एकच. शिवाय फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये खोटं लोकेशन देणारं ॲप निवडता येतं.

दुसरी कल्पना फोनच्या फिंगरप्रिंटची. इथे एक मोठा गैरसमज आहे. अँड्रॉइड तुमच्या ॲपला बोटाचा ठसा देत नाही. या फोनवर नोंदवलेल्या बोटांपैकी एक जुळलं, एवढंच सांगतं. मित्राने स्वतःचंही बोट त्या फोनवर नोंदवून ठेवलं की संपलं.

चेहरा ओळखण्याचा पर्याय आकर्षक वाटतो, पण त्यात 66 जणांचे फोटो जमवायचे, साठवायचे आणि सांभाळायचे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसार 18 वर्षांखालची व्यक्ती बालक धरली जाते आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला सोळा वर्षांची मुलं असतात, त्यामुळे हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही. पहिल्या प्रकल्पात या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत.

राहिला क्यूआर कोड. एकच कोड तासभर दाखवला तर त्याचा फोटो मिनिटात व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. म्हणून तो बदलता ठेवायचा. बँकेच्या टोकनमध्ये किंवा ऑथेंटिकेटर ॲपमध्ये जो बदलता आकडा दिसतो, त्यामागचीच ही युक्ती आहे:

```
slot  = floor(server_time / 10)
token = HMAC_SHA256(secret, lecture_id + ":" + slot)
```

`secret` सर्व्हरबाहेर कधीच जात नाही. शिक्षकांचं पान दर 10 सेकंदांनी सर्व्हरकडून नवा `token` आणतं आणि त्याचा क्यूआर दाखवतं. विद्यार्थ्याने स्कॅन केलेला `token` सर्व्हर चालू `slot` शी आणि त्याच्या लगेच आधीच्या `slot` शी ताडून बघतो. आधीचा का घ्यायचा? कोणी नवव्या सेकंदाला स्कॅन केलं आणि नेटवर्कमध्ये दोन सेकंद गेले, तर त्या बिचाऱ्याची हजेरी उडायला नको. म्हणजे कोणताही कोड पडद्यावर आल्यापासून 20 सेकंदांनी मरतो.

वेळ कायम सर्व्हरचीच धरा. फोनच्या घड्याळावर विसंबलात, की कोणीतरी घड्याळ मागे सरकवणार. आणि चोरी नसली तरी वर्गातल्या फोनांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. लक्षण ओळखायला सोपं आहे. ठराविक दोन-तीन मुलांनाच रोज ‘कोड कालबाह्य’ दिसत असेल, तर तुमच्या कोडमध्ये कुठेतरी फोनची वेळ घुसली आहे.

आता प्रामाणिक बाजू. 20 सेकंदांत फोटो काढून पाठवणं आणि दुसऱ्याने तो दुसऱ्या पडद्यावर उघडून स्कॅन करणं कठीण आहे, पण अशक्य नाही. व्हिडिओ कॉलवर तर ते सोपंच. म्हणून पत्रात ‘प्रॉक्सी पूर्णपणे बंद होईल’ असं लिहू नका, व्हायवाला हेच वाक्य तुमच्या अंगावर येईल. त्याऐवजी दोन अडसर आणखी लावा.

पहिला, एका विद्यार्थ्याला एकच फोन. इथे नवखे ‘आयएमईआय नंबर बांधू’ असं लिहितात. अँड्रॉइड 10 पासून साध्या ॲपला तो वाचताच येत नाही. मॅक ॲड्रेसचीही तीच गत. `ANDROID_ID` वापरता येतो, पण अँड्रॉइड 8 पासून तो ॲपच्या सहीच्या कीवर अवलंबून असतो. तुम्ही आठवडाभर डीबग बिल्ड वाटलं आणि मग रिलीज बिल्ड दिलं, तर 66 च्या 66 फोन सर्व्हरला अनोळखी वाटतील. त्यामुळे वर्गात वाटायचं बिल्ड पहिल्यापासून एकाच कीने सही केलेलं ठेवा. फोन फॅक्टरी रीसेट केला तरी हा नंबर बदलतो. म्हणून ‘फोन बदलला’ अशी विनंती क्लास टीचरच्या लॉगिनवर जायची सोय ठेवा.

दुसरा अडसर अगदी साधा आणि सगळ्यात कामाचा. शिक्षकांच्या पडद्यावर कोडशेजारी मोठ्या अक्षरात ‘हजर: 54’ असा आकडा दिसत राहू द्या. सरांनी वर्गावर नजर फिरवून डोकी मोजली आणि ती 51 निघाली, की तिघांची हजेरी वर्गाबाहेरून लागली आहे हे कळतं. मग त्या दिवशी नावं पुकारायची. तंत्रज्ञान शून्य, पण गाईडना हा मुद्दा लगेच पटतो, कारण तो वर्गात उभं राहिलेल्या माणसाला सुचणारा आहे.

हजेरीचे टक्के: इथे खरी चूक होते

प्रॉक्सीबद्दल सगळे बोलतात, पण प्रत्यक्षात ॲप बदनाम होतं ते चुकीच्या टक्केवारीने. बहुतेक ठिकाणी 75 टक्क्यांची अट असते आणि टर्म ग्रँट होते की नाही ते त्यावर ठरतं. त्यामुळे चुकलेल्या आकड्याने मुलं घाबरतात आणि शिक्षक चिडतात.

आपल्या वर्गात तीन बॅचेस आहेत. एका विषयाची प्रत्येक बॅचची 12 प्रॅक्टिकल्स झाली. बी-2 मधला विद्यार्थी त्यातल्या 11 ला हजर होता. त्याचे टक्के 11 भागिले 12, म्हणजे 91.7. पण तुमच्या कोडने त्या विषयाच्या नावावरची सगळी सत्रं मोजली, तर छेद 36 होतो आणि टक्के 30.6 वर येतात. पोरगं थेट डिफॉल्टर लिस्टमध्ये. उपाय असा की, प्रत्येक सत्राच्या नोंदीत बॅचचा रकाना ठेवायचा. तो रिकामा असेल तर सत्र सगळ्या वर्गाचं, ‘बी-2’ असेल तर फक्त त्या बॅचचं. इलेक्टिव्ह विषयांनाही हाच नियम. उशिरा प्रवेश घेतलेल्यांसाठी प्रवेशाची तारीख साठवा आणि त्याआधीची लेक्चर्स मोजायची की नाहीत, ते विभागाला विचारा. तो निर्णय तुमचा नाही.

हजेरी ‘हो किंवा नाही’ अशी साठवू नका. खेळाच्या स्पर्धेला किंवा एनएसएसच्या कॅम्पला गेलेल्याची ‘ड्युटी लीव्ह’ वेगळी धरली जाते.

```sql
CREATE TABLE attendance (
  lecture_id INT NOT NULL,
  prn        VARCHAR(20) NOT NULL,
  status     CHAR(2) NOT NULL,
  marked_at  DATETIME NOT NULL,
  marked_by  VARCHAR(20) NOT NULL,
  PRIMARY KEY (lecture_id, prn)
);
```

यातली शेवटची ओळ महत्त्वाची. नेट अडकलं की मुलं बटण चार वेळा दाबतात. ही ओळ नसेल तर एका लेक्चरच्या चार हजेऱ्या लागतात आणि कोणाचे तरी टक्के 100 च्या वर जातात. `marked_by` मध्ये हजेरी स्कॅनने लागली की कोणत्या शिक्षकांनी हाताने लावली ते राहतं, म्हणजे वाद झाला की उत्तर असतं.

ओळख म्हणून पीआरएन घ्या, रोल नंबर नको, कारण तो दरवर्षी बदलतो. आणि पीआरएन अक्षरांसारखा साठवा. काहींच्या शेवटी अक्षर असतं, शिवाय ऑफिसकडून येणाऱ्या एक्सेल शीटमध्ये बारा आकडी नंबर 1.23E+11 असा दिसू लागतो. तसाच कॉपी केलात तर सगळ्या वर्गाचा पीआरएन एकच होऊन बसेल. आधी त्या रकान्याचं फॉरमॅट ‘नंबर’ करून दशांश स्थळं शून्य ठेवा.

डेटा किती होईल हेही एका ओळीत लिहा. 66 विद्यार्थी, दिवसाला 6 सत्रं, टर्ममध्ये 90 दिवस धरले तर जास्तीत जास्त 35,640 नोंदी. साध्या मायएसक्यूएलला हे काहीच नाही. त्यामुळे ‘बिग डेटा’ आणि ‘ब्लॉकचेन’ हे शब्द पत्रातून काढून टाका.

आता पत्र

विभाग इंग्रजीत मागत असेल तर इंग्रजीत लिहा, मांडणी हीच ठेवा. पत्र एका पानाचं, तांत्रिक आराखडा सोबत दोन पानं. नमुना असा:

> दिनांक: ________
>
> प्रति,
> प्रा. ________,
> प्रोजेक्ट गाईड, संगणक अभियांत्रिकी विभाग
>
> विषय: दर 10 सेकंदांनी बदलणाऱ्या क्यूआर कोडद्वारे वर्गातील हजेरी घेणारे अँड्रॉइड ॲप – अंतिम वर्ष प्रकल्पास मान्यता मिळणेबाबत.
>
> आदरणीय सर/मॅडम,
>
> आम्ही अंतिम वर्षातील खाली सही करणारे चार विद्यार्थी वरील विषयावर प्रकल्प करू इच्छितो.
>
> आमच्या वर्गातील पाच लेक्चर्समध्ये हजेरीसाठी सरासरी ____ मिनिटे लागल्याचे आम्ही मोजले. मस्टरवरून महिनाअखेरची यादी तयार करण्यास क्लास टीचरना ____ तास लागतात, असे त्यांच्याकडून समजले.
>
> प्रस्तावित ॲपमध्ये शिक्षक पडद्यावर बदलता क्यूआर कोड दाखवतील व विद्यार्थी नोंदणीकृत मोबाईलवरून तो स्कॅन करतील. प्रत्येक कोड जास्तीत जास्त 20 सेकंद ग्राह्य राहील. एका विद्यार्थ्यासाठी एकच मोबाईल नोंदवला जाईल आणि हजर संख्या शिक्षकांच्या पडद्यावर दिसेल, जेणेकरून प्रत्यक्ष संख्येशी ती पडताळता येईल. स्मार्टफोन नसलेल्या व आयफोन असलेल्या ____ विद्यार्थ्यांची हजेरी शिक्षक स्वतः नोंदवू शकतील.
>
> प्रॉक्सी पूर्णपणे थांबेल असा आमचा दावा नाही. स्वतःचा फोन मित्राकडे देणे हे या पद्धतीत केवळ संख्या मोजूनच पकडता येईल.
>
> प्रकल्पाची व्याप्ती एक वर्ग व सर्व बॅचेस एवढीच ठेवली आहे. फी, निकाल, टाइमटेबल हे भाग यात नाहीत. चेहरा, बोटांचे ठसे किंवा लोकेशन यांपैकी कोणतीही माहिती घेतली जाणार नाही. नाव, पीआरएन व मोबाईलची ओळख एवढेच साठवले जाईल आणि चाचणीचा डेटा प्रकल्प संपल्यावर पुसला जाईल.
>
> यशाची कसोटी: आपल्या एका विषयाच्या 10 लेक्चर्सना मस्टर व ॲप दोन्हींवर हजेरी घेऊन 660 नोंदींची तुलना करणे आणि प्रत्येक तफावतीचे कारण नोंदवणे.
>
> तांत्रिक आराखडा व कामाची विभागणी सोबत जोडली आहे. आपल्या सूचनांनुसार बदल करण्यास आम्ही तयार आहोत. कृपया मान्यता द्यावी, ही विनंती.
>
> आपले विश्वासू,
> (चौघांची नावे, पीआरएन व सह्या)

मधल्या ‘दावा नाही’ या परिच्छेदाला ग्रुपमध्ये विरोध होतो, मार्क जातील अशी भीती असते. तो काढू नका. मर्यादा तुम्ही आधी सांगितली की ती तुमची समज ठरते, परीक्षकांनी शोधली की ती चूक ठरते.

सोबतची दोन पानं

पहिल्या पानावर एक साधी आकृती काढा. डावीकडे विद्यार्थ्याचं ॲप, उजवीकडे शिक्षकांचं वेब पान, मध्ये सर्व्हर, खाली डेटाबेस. खाली वरचे टोकनचे दोन नियम, टेबलांची यादी आणि वापरणार ती साधनं. ग्रुपमध्ये कोणाला जावा येत असेल तर जावा, पायथन येत असेल तर पायथन. नवीन भाषा शिकून हजेरी ॲप बनवू, असं ठरवणारे ग्रुप दिवाळीपर्यंत लॉगिनच्या पानावरच असतात.

दुसऱ्या पानावर वेळापत्रक आणि कामाची विभागणी. बारा आठवडे धरले तर पहिले दोन मस्टर समजून घेण्यात आणि डेटाबेस आखण्यात, पुढचे दोन लॉगिन व फोन नोंदणीत, मग तीन आठवडे क्यूआरला, दोन टक्केवारी आणि डिफॉल्टर लिस्टला. दहावा आणि अकरावा आठवडा वर्गातल्या चाचणीचा, शेवटचा दुरुस्तीचा. 10 लेक्चर्स दोन आठवड्यांत बसायची तर तो विषय आठवड्याला पाच वेळा हवा. नाहीतर चाचणी आधी सुरू करा. ती गणपती, दिवाळीची सुट्टी किंवा इनसेम परीक्षेच्या आठवड्यात पडत नाही ना, हे कॅलेंडर समोर ठेवून बघा. अर्ध्या रिकाम्या वर्गात घेतलेली चाचणी कोणी मानत नाही.

विभागणीत ‘सगळे मिळून करू’ असं लिहू नका. एक जण ॲप, एक सर्व्हर आणि टोकन, एक डेटाबेस व अहवाल, एक शिक्षकांचं पान आणि चाचणी. चाचणीवाल्याला एक खास काम द्या, फसवण्याचं. दोघांनी वर्गाबाहेर बसून व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोने 20 वेळा हजेरी लावायचा प्रयत्न करायचा आणि किती वेळा जमलं ते लिहून ठेवायचं. बरेचदा जमत असेल तर 10 चे 7 सेकंद करा. पण मग मागच्या बाकावरून स्कॅन न झालेल्यांची संख्याही मोजा, कारण वेळ कमी केली की खऱ्या हजर मुलांना त्रास वाढतो. हा तक्ता रिपोर्टमध्ये आला, तर ‘यात नवीन काय’ या प्रश्नाचं तेच उत्तर.

पहिला डेमो का बंद पडतो

गाईड मान्यता देताना छोटा नमुना दाखवा म्हणतात आणि नेमका तेव्हा फोन लॅपटॉपशी बोलत नाही. याची कारणं बहुधा दोन. अँड्रॉइड 9 पासून ॲपला साधं `http://` मुळातच बंद असतं. लॉगमध्ये `CLEARTEXT communication to ... not permitted` दिसलं की हेच झालंय. डेमोपुरती परवानगी देता येते, पण वर्गातल्या चाचणीआधी एचटीटीपीएस घ्याच. दुसरं कारण कॉलेजचं वायफाय. अनेक ठिकाणी त्यावरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशी रचना असते. त्यामुळे हॉस्टेलवर चाललेलं ॲप लॅबमध्ये मुकं होतं. फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता टाकून बघा. तिथेही पान उघडत नसेल तर आधी लॅपटॉपचा फायरवॉल तपासा. तो मोकळा असेल तर दोष नेटवर्कचा. डेमोला एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप आणि दुसरा फोन त्यालाच जोडा.

क्यूआरही आधी वर्गात लावून बघा. उजेडात प्रोजेक्टर फिकट पडतो आणि शेवटच्या बाकावरून कोड वाचला जात नाही. 64 अक्षरी पूर्ण `token` कोडमध्ये घातला तर चौकोन बारीक होतात, म्हणून त्याची पहिली 12 अक्षरंच घ्या आणि सर्व्हरवरही तेवढीच ताडा. कोड पडद्याच्या उंचीइतका मोठा ठेवा, भोवती पांढरी किनार सोडा.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक गाईडकडे राहील. दुसरीवर त्यांची तारखेसह सही घ्या आणि त्यांनी सांगितलेले बदल त्याच प्रतीवर पेनने लिहून घ्या. पहिल्या रिव्ह्यूला तीच प्रत समोर ठेवायची असते.